टिकांनी भरलेला तक्ता

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना एलएल.एम.ची एक विद्यार्थिनी चार्ट पेपरची गुंडाळी घेऊन घरी आली. जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरला, तो सारखा गुंडाळला जात होता म्हणून कोपऱ्यांवर पाण्याचा तांब्या, दोन जाड पुस्तकं आणि माझ्या चष्म्याचा डबा ठेवला. वर चार रकाने होते: इंग्लंड, भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. डावीकडे तीन ओळी: अवैधता, अविवेक, प्रक्रियेतला दोष. आणि मधल्या बाराच्या बारा घरांत हिरव्या स्केचपेनाने केलेली टिक.

"मॅडम, सगळीकडे सगळंच आहे," ती म्हणाली. आवाजात समाधान कमी आणि धास्ती जास्त होती, कारण हा तक्ता पाठ करून पेपरात लिहायचं काय, हे तिलाही उमगत नव्हतं.

तक्ता चुकीचा नव्हता. सरकारी निर्णय न्यायालयात कोणत्या आधारांवर रद्द होऊ शकतो, याची यादी या चारही देशांत वरवर सारखीच दिसते. चौघांचंही मूळ इंग्लिश कायद्यात आहे. पण बारा टिका म्हणजे बारा वेळा लिहिलेलं "हो". परीक्षक विचारतो ते "कुठे कुठे आणि किती किती", आणि ते टिकेत मावत नाही.

पुढे जाण्याआधी मूळ गोष्ट सांगते, कारण कायद्याबाहेरचे बहुतेक लोक इथेच अडखळतात. अपिलात वरचं न्यायालय विचारतं, की हा निर्णय बरोबर आहे का? न्यायालयीन पुनर्विलोकनात प्रश्न वेगळा असतो: हा निर्णय घ्यायचा तुम्हाला अधिकार होता का, आणि तो रीतसर घेतलात का? निर्णय न्यायाधीशाला पटला नाही एवढ्यावर तो रद्द होत नाही.

१९४७ सालच्या दोन थिएटरांची गोष्ट यासाठी फार सोयीची आहे. इंग्लंडमधल्या वेडन्सबरी या लहान गावात नगरपालिकेने थिएटरला रविवारी खेळ करायची परवानगी दिली, पण अट घातली, की पंधरा वर्षांखालच्या मुलांना सोबत मोठं माणूस असलं तरी आत सोडायचं नाही. कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबरमध्ये हरली. लॉर्ड ग्रीन यांनी म्हटल्याचा आशय असा, की कोणत्याही समंजस अधिकाऱ्याने कधीच घेतला नसता इतका निर्णय बेताल असेल, तरच आम्ही हात घालू. हा तसा नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, मुंबईच्या पोलीस कमिशनरने गोरधनदास भानजी यांना अंधेरीत थिएटर बांधण्याची जी परवानगी जुलैत दिली होती, ती रद्द केली. पत्रात लिहिलं होतं, की सरकारच्या आदेशावरून ती रद्द करण्यात येत आहे. परवानगी देण्या-काढण्याचा अधिकार नियमांनुसार कमिशनरचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये सांगितलं, की अधिकार ज्याला दिला आहे त्यानेच स्वतःच्या डोक्याने तो वापरायचा. वरून आलेला हुकूम पुढे ढकलणं म्हणजे अधिकार वापरणं नव्हे. शिवाय पत्रात जे लिहिलं त्याचा अर्थ पत्रावरूनच लागतो. आपल्या मनात काय होतं याचं स्पष्टीकरण अधिकाऱ्याने नंतर देऊन चालत नाही.

वेडन्सबरीचं थिएटर हरलं आणि अंधेरीचं जिंकलं, कारण दोघांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. एकाचं म्हणणं, अट फारच जाचक आहे. दुसऱ्याचं म्हणणं, ठरवणारा माणूसच भलता आहे. पहिलं गाऱ्हाणं सिद्ध करणं अवघड, दुसरं त्या मानाने सोपं. १९८४ मध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी अशा गाऱ्हाण्यांना तीन नावं दिली, तीच ही तिच्या तक्त्यावरची तीन. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता केंद्रातल्या कर्मचारी संघटनांचा तो खटला होता. प्रपोर्शनॅलिटी, म्हणजे उपाय आणि अपराध यांचं प्रमाण, हे चौथं नाव पुढे कधी येऊ शकेल, असंही डिप्लॉक म्हणून गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर खटल्यात १९९४ मध्ये ही तीन नावं उचलली. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याच्या हाताला पहिल्यांदा तीच लागतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

कारण ही नावं इंग्लंडची आहेत. ती डाव्या बाजूला लिहिली, की बाकीचे तीन देश इंग्लंडच्या कपड्यांत कोंबावे लागतात. मी तिला कागद उलटा करायला लावला आणि नावांच्या जागी गाऱ्हाणी लिहायला सांगितली, अशिलाच्या तोंडी असतात तशी. "यांना हे ठरवायचा अधिकारच नव्हता." "माझं ऐकूनच घेतलं नाही." "निर्णय अगदी अघोरी आहे." "शब्द दिला होता, फिरवला." चारच ओळी. आणि त्यांच्या वर एक पाचवी, जी कोणाचंच गाऱ्हाणं नाही: न्यायालयाला हा अधिकार मिळतो कुठून?

ती वरची ओळ भरल्याशिवाय खालचं एकही घर भरायचं नाही, असा माझा नियम आहे. इंग्लंडमध्ये लिखित राज्यघटना नाही आणि संसद सर्वश्रेष्ठ. न्यायालयाची ताकद न्यायाधीशांनीच घडवलेल्या कायद्यातून येते. भारतात अनुच्छेद ३२ आणि २२६ रिटचा दरवाजा उघडतात, आणि अनुच्छेद १४ मधल्या समानतेचा अर्थ रोयप्पा खटल्यापासून असा लागला, की मनमानी हीच विषमता. ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या घटनेतलं कलम ७५(v) केंद्राच्या अधिकाऱ्यांविरुद्ध आदेश काढण्याचा हक्क थेट हाय कोर्टाला देतं. हे त्यांचं सर्वोच्च न्यायालय. नावावरून फसू नये. पण त्याच घटनेत सत्तेची विभागणी काटेकोर असल्याने निर्णयाच्या बरे-वाईटपणात न्यायाधीशाने पाय ठेवायचा नाही, ही शिस्तही तितकीच कडक. कॅनडात हा अधिकार विधिमंडळाला काढून घेता येत नाही, मात्र एखादं काम विधिमंडळाने न्यायाधिकरणाकडे सोपवलं असेल, तर त्या निवडीचा मान राखायचा, असा त्यांचा कल.

आता "ठरवायचा अधिकारच नव्हता" ही ओळ. समजा अधिकाऱ्याने कायद्यातल्या एका शब्दाचा अर्थ चुकवला. इंग्लंडमध्ये १९६८ च्या ॲनिस्मिनिक निकालानंतर वाट अशी वळली, की कायद्याचा अर्थ न्यायालय लावणार आणि चूक सापडली की निर्णय जाणार. ऑस्ट्रेलियातही अर्थ न्यायालयच लावतं, पण चूक "अधिकारक्षेत्राची" आहे का, हे त्यापुढे पाहावं लागतं. ती तशी असेल तर संसदेने कायद्यात कितीही कुलपं घातली तरी निर्णय वाचत नाही. भारतात रिटच्या भाषेत विचारतात, की चूक नोंदीवर उघड दिसते का, की ती शोधायला लांबलचक युक्तिवाद लागतो?

आणि कॅनडा? इथे तक्ता मोडतो. अलेक्झांडर व्हाव्हिलॉव्ह याचा जन्म १९९४ चा, टोरांटोचा. त्याचे आईवडील खोट्या नावांनी राहणारे रशियन हेर निघाले. कॅनडात जन्मलेलं मूल कॅनडाचं नागरिक; अपवाद परकीय राजदूतांच्या आणि परकीय सरकारच्या "इतर प्रतिनिधी किंवा कर्मचाऱ्यांच्या" मुलांचा. हेर म्हणजे परकीय सरकारचा कर्मचारीच, असं म्हणून २०१४ मध्ये रजिस्ट्रारने त्याचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तो निर्णय मोडला, पण कसा ते पाहण्यासारखं आहे. न्यायालयाने आधी स्वतःचा अर्थ काढून तो रजिस्ट्रारच्या अर्थाशेजारी ठेवला नाही. आधी ठरवलं, की मोजपट्टी कोणती लावायची. तिथे दोनच मोजपट्ट्या: एक "बरोबर आहे का", दुसरी "समर्थनीय आहे का". बहुतेक ठिकाणी दुसरीच लागते, कायद्याचा अर्थ लावण्याच्या कामातसुद्धा. मग रजिस्ट्रारची कारणं तपासली. हा अपवाद राजनैतिक संरक्षण असलेल्यांसाठी आहे, हे त्या कलमाच्या शेजारच्या मजकुरावरून, आंतरराष्ट्रीय करारांवरून आणि आधीच्या निकालांवरून दिसत होतं, आणि कारणांमध्ये यातल्या कशाचाच हिशेब नव्हता. म्हणून तो निर्णय समर्थनीय नाही.

म्हणजे इतर तीन देशांत पहिला प्रश्न "कोणता आधार", तर कॅनडात पहिला प्रश्न "कोणती मोजपट्टी". हा प्रश्न कॅनडाच्या घरात लिहून भागत नाही, कारण तो त्या रकान्यातल्या प्रत्येक घराला लागू आहे. तिने शेवटी त्या रकान्यावर आडवी लाल पट्टी ओढली आणि त्यात दोन मोजपट्ट्या लिहिल्या. एक घर मात्र पट्टीबाहेर ठेवलं: ऐकून घेतलं की नाही. तिथे मूल्यमापन १९९९ च्या बेकर खटल्याच्या वाटेने, स्वतंत्रपणे होतं.

ऐकून घेण्याच्या ओळीवर फार वेळ घालवू नये. चारही देश इथे एका वळणाचे आहेत. प्रत्येक घरात एक खटला पुरतो: इंग्लंडला रिज विरुद्ध बाल्डविन, भारताला क्राइपाक, ऑस्ट्रेलियाला किओआ, कॅनडाला बेकर. टिका करायच्याच असतील, तर त्या या ओळीत कराव्यात.

खरी मेहनत तिसऱ्या ओळीची, "निर्णय अघोरी आहे" हिची. भारताच्या घरात तिने लिहिलं होतं, "प्रपोर्शनॅलिटी मान्य". हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्यावरच गुण कापले जातात. रणजित ठाकूर हा लष्करातला जवान. वरिष्ठांविरुद्ध त्याने थेट वर तक्रार केली म्हणून शिक्षा झाली. ती भोगत असताना जेवायचा हुकूम दिला तो त्याने पाळला नाही. यावर लष्करी न्यायालयाने त्याला एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी दिली, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी त्या न्यायालयात बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हे सगळं रद्द केलं: एकतर पक्षपात, दुसरं म्हणजे जेवण नाकारण्याला ही शिक्षा बेसुमार. हा एकच खटला दोन घरांत जातो आणि दोन्हीकडे लिहावा लागतो. पण इथेच थांबलं तर पुढचं वळण हुकतं. २००० सालच्या ओमकुमार निकालाने रेघ आखून दिली. मूलभूत स्वातंत्र्यांवर घाला असेल किंवा भेदभावाचं गाऱ्हाणं असेल, तर प्रमाण न्यायालय स्वतः तपासणार. नुसती मनमानी म्हणून खात्यातल्या शिक्षेला आव्हान असेल, तर कसोटी वेडन्सबरीचीच. म्हणजे एका घरात दोन मजले.

इंग्लंडच्या घरातही दोन मजले आहेत, पण त्यांचा जिना निराळा. १९९८ चा मानवाधिकार कायदा २००० मध्ये लागू झाला, आणि त्यातल्या हक्कांचा प्रश्न असला की प्रमाण तपासलं जातं. तो प्रश्न नसेल, तर वेडन्सबरी अजून जागेवर आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर ती काढून टाकण्याची मागणी झाली, पण ते पाऊल न्यायालयाने उचललं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या घरासाठी ली या चिनी महिलेचा २०१३ चा खटला. व्हिसासाठी तिला आपल्या कौशल्याचा दाखला हवा होता. दाखला देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात चुका होत्या. फेरतपासणीची मागणी केली आहे, निकाल येईपर्यंत थांबा, असं तिच्या एजंटने न्यायाधिकरणाला कळवलं. न्यायाधिकरण म्हणालं, पुरेशी संधी दिली, आणि निर्णय देऊन मोकळं झालं. हाय कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी न्यायाधिकरणाच्या विरोधात निकाल दिला. बेतालपणाची पातळी गाठायलाच हवी असं नाही. निर्णयामागे उघड आणि समजेल असं समर्थन दिसत नसेल, तरी तो टिकत नाही. शिक्षेचं प्रमाण बेसुमार असणं ही अविवेकाची एक खूण असू शकते. पण प्रपोर्शनॅलिटी हा वेगळा आधार म्हणून तिथे उभा राहिलेला नाही.

"शब्द फिरवला" ही ओळ मला सर्वांत आवडते, कारण इथे चार घरांत खरोखर चार निरनिराळे मजकूर येतात. इंग्लंडमध्ये पॅमेला कॉफलन या अपघाताने जायबंदी झालेल्या बाईंना आरोग्य मंडळाने मार्डन हाउस या निवासस्थानात आणताना सांगितलं होतं, की हे तुमचं आयुष्यभराचं घर. १९९८ मध्ये ते बंद करायचं ठरलं. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने मंडळाला शब्द पाळायला लावलं. "आधी त्यांच्याशी बोला" एवढ्यावर न थांबता, दिलेली गोष्टच राखायला लावली. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या लॅम खटल्यात या वाटेला जायचं नाकारलं: तिथे प्रश्न फक्त प्रक्रिया न्याय्य होती का एवढाच. पुढे २०१५ मध्ये "रास्त अपेक्षा" हा शब्दप्रयोगच बाजूला ठेवावा, असं हाय कोर्टातल्या तीन न्यायमूर्तींनी लिहिलं. कॅनडात रास्त अपेक्षेतून प्रक्रिया मिळते, फळ मिळत नाही. भारतात ती अनुच्छेद १४ च्या मनमानीविरोधी सूत्रातच ओवलेली आहे. फळही मिळू शकतं, पण सार्वजनिक हितासाठी धोरण बदललं असं सरकारने दाखवलं, तर अपेक्षा मागे पडते. वरची पायाची ओळ आधी का भरायची, ते इथे दिसतं. ऑस्ट्रेलियाचा नकार आणि भारताचा होकार, दोन्ही तिथूनच उतरलेले आहेत.

तक्ता भरल्यावर त्याची परीक्षा घ्यावी लागते. एक खरा प्रसंग घ्यायचा आणि चारही रकान्यांतून चालवायचा. आम्ही बार्न्सलीच्या बाजारातला हॅरी हुक घेतला. संध्याकाळी बाजार मिटल्यावर, स्वच्छतागृहं बंद असल्याने, हा दुकानदार बाजूच्या गल्लीत लघवीला बसला. पालिकेच्या दोन कर्मचाऱ्यांनी हटकलं, शब्दाला शब्द लागला, आणि बाजार-व्यवस्थापकाने त्याला बाजारातून कायमचं काढलं. त्याचं म्हणणं ऐकणाऱ्या समितीने विचारविनिमय केला, तेव्हा हा व्यवस्थापक तिथेच बसलेला होता. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने हुकची बंदी रद्द केली. तक्रारदारच निर्णयाला हजर, हा दोष. आणि लॉर्ड डेनिंग यांच्या मते शिक्षाही अति.

"ऐकून घेतलं का" या ओळीत हुक चारही देशांत जिंकतो. ती झटकन लिहून मोकळी झाली. खालच्या ओळीत पेन थांबलं. भारतात पालिका म्हणजे राज्यसंस्था आणि धंद्याचा हक्क अनुच्छेद १९ मधला, म्हणून ओमकुमारचा वरचा मजला. इंग्लंडमध्ये मानवी हक्काचा धागा सापडला नाही, तर वेडन्सबरी. कॅनडात लाल पट्टीतली दुसरी मोजपट्टी, आणि माणसाचं पोटच कापलं जात असेल, तर कारणंही तितकीच भक्कम हवीत, हा व्हाव्हिलॉव्हचा दंडक. ऑस्ट्रेलियात तिने १९७७ चा कायदा लिहिला, ज्याच्या पाचव्या कलमात आधारांची आयती यादी आहे. मी खोडायला लावलं. तो कायदा केंद्र सरकारच्या निर्णयांपुरता. बाजार चालवणारी पालिका राज्याखाली येते, तेव्हा दार त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं. ही चूक कागदावर बघून कधीच सापडली नसती. प्रसंग चालवला म्हणून सापडली.

दुसरी भीती शिळ्या नोट्सची. सीनियरकडून आलेली झेरॉक्स किती जुनी आहे, हे तीन खुणांवरून कळतं. कॅनडाच्या घरात तीन मोजपट्ट्या असतील, तर नोट्स २००८ च्या डन्सम्युअर निकालाआधीच्या. ऑस्ट्रेलियात रास्त अपेक्षेसाठी १९९५ चा तिओह खटला निश्चिंतपणे दिला असेल, तर लॅम त्या लिहिणाऱ्याने वाचलेला नाही. आणि भारतात, मनमानी म्हणून संसदेचा कायदा कधीच रद्द होत नाही, असं लिहिलं असेल, तर २०१७ चा शायराबानो निकाल त्यात आलेला नाही. वर्षांचा घोळ मात्र निरुपद्रवी असतो: वेडन्सबरी निकाल १९४७ चा, कायदेवृत्तात छापला १९४८ चा, रोयप्पा १९७३ चा, सगळीकडे दिसतो १९७४. दोन्हींतलं एक वर्ष पक्कं करावं आणि पेपरभर तेच लिहावं.

पुढच्या आठवड्यात ती नवा कागद घेऊन आली. टिका चार, सगळ्या एकाच ओळीत. बाकीच्या प्रत्येक घरात एक खटला, एक वर्ष आणि "पण"ने सुरू होणारं एक वाक्य. ऑस्ट्रेलियाच्या घरात प्रपोर्शनॅलिटीच्या नावापुढे तिने काहीच न लिहिता एक तिरपी रेघ मारली होती. ती मला तिच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त आवडली.

"मॅडम, न्यूझीलंड राहिलं," कागद गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली.

उजवीकडे जेमतेम दोन बोटं जागा उरली होती. राहू दे, म्हटलं.